केफी आणि मेराकी: काझानीला जायच्या आधी

प्रश्न: ऑक्टोबरअखेर आम्ही क्रीटला जातोय, नवऱ्याच्या ग्रीक सहकाऱ्याने त्याच्या गावच्या 'काझानी'ला बोलावलंय. मी थोडंफार ग्रीक शिकतेय. सोशल मीडियावर सगळीकडे केफी म्हणजे आनंद आणि मेराकी म्हणजे जीव ओतून केलेलं काम असं वाचायला मिळतं. पण खरंच लोक हे शब्द बोलतात का? आणि नेमके कधी? चुकीच्या ठिकाणी बोलून हसं नको व्हायला.

उत्तर:

बोलतात, आणि दिवसातून दहादा बोलतात, पण तुम्ही वाचलंय तसे गंभीर चेहऱ्याने नाही. मी क्रीटमध्येच, इराक्लिओ शहरात राहते, ग्रीक-मराठी-इंग्रजी दुभाषाचं आणि भाषांतराचं काम करते, आणि मला हे दोन शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतात ते अगदी फालतू वाक्यांत. शेजारीण सकाळी कचरा टाकायला खाली येते आणि म्हणते, 'देन एखो केफी सीमेरा', म्हणजे आज मूड नाही बाई. बस. त्यात कुठलंही तत्त्वज्ञान नाही. आपण 'आज काही करायचा मूडच नाहीये' म्हणतो तितकंच. कोणी विचारतं 'पोस पाने ता केफ्या?', म्हणजे काय, तब्येत-मूड ठीक ना. केफ्या हे अनेकवचन आहे, आणि मूड या अर्थी ते भरपूर वापरतात. हसऱ्या, खुशीत असलेल्या माणसाला केफातोस म्हणतात, बाई असेल तर केफाती, आणि उतरलेल्या तोंडाच्या माणसाला आकेफोस. उच्चार सांगून ठेवते, जोर पहिल्या अक्षरावर, के-फी, आणि तो 'के' थोडा 'क्ये'कडे झुकतो. मेराकीमध्ये जोर मधल्या 'रा'वर. शेवटच्या 'की'वर जोर दिला की लगेच कळतं की शब्द स्क्रीनवर वाचून आलाय.

तुम्हाला काझानीला बोलावलंय हे भारी झालं, कारण दोन्ही शब्द एकाच रात्री, एकाच छपराखाली, त्यांच्या सगळ्या अर्थांनी बघायचे असतील तर याहून चांगली जागा नाही. म्हणून मी शब्दकोशासारखं सांगत बसत नाही, ती रात्र कशी जाते ते सांगते, त्यात शब्द आपोआप येतील.

आधी काझानी म्हणजे काय. शब्दशः मोठं भांडं, हंडा. क्रीटमध्ये राकी (तिला त्सिकुद्या पण म्हणतात) गाळायची तांब्याची भट्टी ती काझानी, आणि ती पेटते तेव्हा तिच्याभोवती जमणारी पार्टी पण काझानीच. सप्टेंबरच्या आसपास द्राक्षं तोडतात, तुडवून रस वाईनसाठी काढून घेतात, आणि मागे जो चोथा राहतो, सालं बिया देठं, तो पिंपात बंद करून आंबवत ठेवतात, साधारण चाळीस दिवस. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भट्ट्या पेटतात. भट्टी प्रत्येकाकडे नसते, ती लायसन्सवाल्याकडे असते, आणि गावातले बाकीचे आपापला चोथा घेऊन पाळीपाळीने येतात. म्हणजे तुमच्या यजमानांची पाळी ठरलेली असणार, आणि त्यांनी तुम्हाला त्या दिवशी बोलावलंय.

भट्टी सांभाळणारा माणूस काझानारिस. याच्याकडे नीट बघा, कारण मेराकी कशाला म्हणतात ते याच्या हातात दिसतं. तो आधी हंड्याच्या तळाशी काड्या-फांद्या अंथरतो, म्हणजे चोथा तळाला लागून करपत नाही. मग चोथा भरतो, वरून थोडं पाणी, झाकण बसवतो, आणि झाकणाची कड पिठाच्या कणकेने लिंपून टाकतो, कारण फट राहिली तर वाफ तिथूनच जाणार आणि माल हवेत. झाकणातून निघालेली नळी थंड पाण्याच्या टाकीतून जाते, तिथे वाफेचं पाणी होतं आणि दुसऱ्या टोकाला बारीक धार सुरू होते. खाली ऑलिव्हची लाकडं. एक हंडा उतरायला दोनतीन तास तरी जातात, आणि त्या वेळात काझानारिसचं एकच खरं काम असतं, जाळ मंद ठेवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण रांगेत पाच जण थांबलेले असतात, थंडी असते, आणि दोन लाकडं जास्त सारली की काम लवकर उरकेल असा मोह असतो. जाळ वाढला की आतला चोथा उसळून नळीत चढतो, धार गढूळ येते, राकीला करपट वास लागतो, आणि तो वास नंतर कशानेच जात नाही. वर्षभर ज्या राकीने पाहुण्यांचं स्वागत करायचं ती करपट, म्हणजे गावभर चर्चा.

धारेचं पहिलं पाणी ते प्रोतोराकी, फार कडक, ते वेगळं काढतात, पीत नाहीत, अंगाला चोळायला वगैरे ठेवतात. मग मधला खरा माल. आणि शेवटी धार सौम्य पडत जाते, तिथे कुठे थांबायचं हे ठरवायचं असतं. मोजायचं साधन असतं हो, पण मुरलेला काझानारिस बोटावर घेऊन चोळतो, वास घेतो, चमचाभर आगीवर शिंपडून बघतो. लोभाने उशिरा थांबला तर लिटर वाढतात पण चव पातळ होते.

आता असा माणूस जो घाई करत नाही, धारेजवळून उठत नाही, आणि लवकर थांबून चार लिटर कमी घेतो पण चांगली घेतो, त्याच्याबद्दल लोक म्हणतील 'एखी मेराकी', याला मेराकी आहे. किंवा राकी चाखून, 'मे मेराकी', मेराकीने केलेली. किंवा सरळ त्या माणसाला विशेषण लावतील, मेराक्लिस. बाई असेल तर मेराक्लू. हे क्रीटमध्ये मोठं कौतुक आहे, उगाच कोणालाही देत नाहीत. इथे एक बघा, मेराकी हा शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलतात. 'मी हे मेराकीने केलंय' असं स्वतःबद्दल कोणी म्हणालं तर ते थोडं दुकानाच्या पाटीसारखं वाटतं. आणि खरंच पाटीवर असतंच, बेकरी, मधाची बाटली, गेस्टहाउस, प्रत्येक दुसऱ्या लेबलवर 'फ्त्याग्मेनो मे मेराकी', मेराकीने बनवलेलं. मला अशी लेबलं भाषांतराला येतात तेव्हा मी कंटाळून 'हौसेने बनवलेलं' लिहून मोकळी होते, कारण लेबलवर शब्दाचा अर्थ तेवढाच उरलाय. पण तुमचे यजमान काझानारिसकडे बघून हळूच 'मेराक्लिस' म्हणतील ना, तो वेगळा शब्द आहे.

अजून एक, मेराकीला मोठी कला वगैरे लागत नाही. ब्रिकीत (ती लांब दांड्याची छोटी भांडी) कॉफी करताना गॅस बारीक ठेवून, वरचा फेस म्हणजे काइमाकी फुटू न देता, उकळायच्या आत उतरवली, तर ती मेराक्लिदिको कॉफी. मोठ्या आचेवर फसकन उकळवली, फेस गेला, तर मेराकी नाही. याउलट कोणी आठ तास ऑफिसात मान मोडून काम करतो, बढती हवी म्हणून, त्याला मेहनती म्हणतील, मेराक्लिस नाही म्हणणार. फायद्याचा हिशोब दिसला की हा शब्द जात नाही. शिक्षा म्हणून, सक्ती म्हणून केलेल्या चांगल्या कामालाही जात नाही.

बरं, काझानीकडे परत. तुम्ही संध्याकाळी पोचाल तेव्हा मामला अगदी थंड असेल, हे मुद्दाम सांगते कारण पाहुणे इथेच गडबडतात. छपराखाली लांब टेबलं, धूर, चार म्हातारे कोपऱ्यात, कोणी राखेत बटाटे पुरतोय (त्याला ओफ्तेस पातातेस म्हणतात, सालासकट, वरून मीठ आणि ऑलिव्ह तेल), निखाऱ्यावर डुकराचे तुकडे, ऑलिव्ह, डाळिंबाचे दाणे. शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. लोक शेतीबद्दल, पावसाबद्दल, ऑलिव्ह तेलाच्या भावाबद्दल बोलतील. म्युझिक नाही. तुम्हाला वाटेल अरे हे तर कंटाळवाणं आहे, कुठे गेली ती केफी. आणि टुरिस्ट लोक इथे काय करतात, तर पहिल्याच ग्लासला हात वर करून 'ओपा!' ओरडतात. करू नका. केफी मागवता येत नाही, ती येते. ग्रीकमध्ये क्रियापदच तसं आहे, 'इर्था स्तो केफी', मी केफीत आले. किंवा 'म' एफेरे स्तो केफी', त्याने मला केफीत आणलं. आपण मराठीत म्हणतो ना, गडी रंगात आला, मैफल रंगली, तंतोतंत तेच. मैफलीत गवई पहिल्या पाच मिनिटांत रंगात येत नाही, आणि कोणी श्रोता तेवढ्यात वाहवा करायला लागला तर बाकीचे मागे वळून बघतात, तसं.

मग साधारण नऊ-दहाच्या सुमाराला काय होतं, कोणीतरी एक मांतिनादा टाकतो. मांतिनादा म्हणजे क्रीटची दोन ओळींची कविता, प्रत्येक ओळ पंधरा अक्षरांची, शेवटी यमक. बरेचदा तिथल्या तिथे रचलेली. तो बोलतो किंवा गातो, आणि ज्याला उद्देशून ती होती त्याने उत्तर द्यायचं असतं, तेही दोन ओळींतच. उत्तर चांगलं आलं की टेबलावर थाप पडते, आणि पहिल्यांदा हवा बदलते. मग कोणी गाडीतून लिरा आणतो, ही तीन तारांची, मांडीवर उभी धरून गजाने वाजवायची, सोबत लाऊतो, मोठं तंतुवाद्य, ताल धरायला. पश्चिमेकडे हन्या शहराच्या बाजूला असाल तर वाद्यांशिवाय टेबलावरची गाणी, रिझितिका, तीही ऐकायला मिळतील, एक गट ओळ म्हणतो आणि दुसरा गट ती परत म्हणतो.

केफी आली हे ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघते. एक, लोक एकमेकांचे ग्लास भरायला लागतात, स्वतःचा नाही. दोन, गाणारा माणूस ऐकणाऱ्यांकडे न बघता एकाच माणसाकडे बघून गायला लागतो. आणि तीन, घरी जायचं म्हणणारे आता गप्प झालेले असतात. त्यावेळी तुमचा यजमान मान हलवून म्हणेल 'इर्थामे स्तो केफी', आलो केफीत. किंवा वाजवणाऱ्याबद्दल 'मेराक्लोसे', म्हणजे तो मेराकीत आला, चढला, सुरात बुडाला. हो, इथे मेराकीचं क्रियापद केफीच्या अर्थाने आलं! 'इने स्ता मेराक्या तू' म्हणजे तो त्याच्या मेराक्यांत आहे, म्हणजे फुल रंगात आहे. त्यामुळे केफी म्हणजे मौज आणि मेराकी म्हणजे काम अशी जी सरळ फाळणी सोशल मीडियावर करतात ती बोलताना टिकत नाही, दोन्ही शब्द एकमेकांच्या घरात बिनधास्त ये-जा करतात.

दारूचा संबंध काय असं विचाराल. संबंध आहे पण मर्यादेत. राकी अंगठ्याएवढ्या ग्लासात, खाण्यासोबत, रात्रभर थोडी थोडी. जो लवकर लवकर पिऊन झिंगला, ज्याची जीभ अडखळायला लागली, तो केफीत नाही, तो नुसता प्यायलाय, आणि त्याला मांतिनादा सुचणं बंद झालंय हे सगळ्यांना दिसतं. त्याला घरी पोचवतात. तुम्ही न पिता पण पूर्ण केफीत असू शकता, ग्लास ओठाला लावून ठेवला तरी चालतं, कोणी मोजत नाही. फक्त 'यिया मास' म्हणताना डोळ्यात बघा आणि काझानीवर असताना 'कालोप्योती' म्हणा, म्हणजे राकी सुखाने पिण्यात जावो. या एका शब्दाने तुमची किंमत वाढेल, केफी-मेराकीपेक्षा जास्त.

आता जो भाग सहसा कोणी सांगत नाही तो. मेराकीला एक काळी बाजू आहे. रात्री उशिरा, एकदीड वाजता, बऱ्यापैकी हसून झाल्यावर कोणी म्हातारा अशी मांतिनादा म्हणतो की सगळे शांत होतात. मुलगा मेलबर्नला आहे, किंवा बायको गेली, किंवा जिच्याशी लग्न व्हायचं होतं ती दुसऱ्या गावात आजी झालीय. आणि कोणी हळूच म्हणतं, 'तो 'खी मेराकी', त्याला त्याची मेराकी आहे. इथे अर्थ सल, खंत, मनात राहिलेली गोष्ट. 'मू एमिने मेराकी' म्हणजे ते माझ्या मनात राहूनच गेलं. हा अर्थ खरंतर जुना आहे. शब्द तुर्कीतून आला, मेराक, आणि तुर्कीत आजही 'मेराक एत्मे' म्हणजे काळजी करू नकोस. त्याच्या मागे अरबी-फारसी वैद्यकात पोटाच्या मऊ भागाचं नाव आहे, तिथून चढणाऱ्या उदासीच्या आजाराला तो शब्द लागला, उर्दूतला मिराक तोच. म्हणजे आजार, मग चिंता, मग ध्यास, मग त्या ध्यासाने केलेलं काम. ध्यास घेतलेला माणूस आणि काळजीने पोखरलेला माणूस, दोघांचीही झोप उडालेली असते, म्हणून हे एवढं लांबचं वळण वाटत नाही मला.

मेराक्लिसला मराठीत काय म्हणायचं यावर मी खूप शब्द लावून बघितले, शौकीन, हौशी, रसिक. सगळ्यात जवळ येतो तो दर्दी. गाण्याचा दर्दी म्हणतो ना आपण, ज्याला कळतं, जो चोखंदळ आहे, आणि शब्दात दर्द पण आहे. आणि केफीचा भाऊ तर मराठीत राहतोच, कैफ. अरबी कैफ, तुर्कीत केयिफ, ग्रीकमध्ये केफी, फारसीमार्गे आपल्याकडे कैफ. पण आपल्याकडे तो नशेकडे घसरला, सत्तेचा कैफ, यशाचा कैफ, त्यात थोडी टीका असते. ग्रीक केफीत टीका नसते. म्हणून कैफ डोक्यात ठेवून केफी वापरू नका, अर्थ एका पायरीने चुकेल.

ही काळी बाजू क्रीटबाहेर बघायची असेल तर झेबेकिको नाच. नऊ मात्रांचा, जड, एकट्याने नाचायचा. पुस्तकं याला केफीचा नाच म्हणतात आणि ते खरंही आहे, पण नाचणाऱ्याचा चेहरा बघाल तर हसू नसतं. डोळे जमिनीवर, हात पसरलेले, पडता पडता सावरल्यासारखा. बाकीचे गुडघ्यावर बसून टाळ्यांचा ठेका देतात, मध्ये घुसत नाहीत. जुन्या पद्धतीत तर पैसे देऊन गाणं मागवायचं, त्याला पारांगेल्या म्हणतात, आणि त्या गाण्यावर फक्त मागवणाऱ्यानेच नाचायचं. हे किती गंभीर होतं बघा, 1973 च्या फेब्रुवारीत अथेन्सच्या एका नाइटक्लबमध्ये निकोस कोएमझिस नावाच्या माणसाच्या भावाने असं गाणं मागवलं, त्यावर दुसरे नाचायला उठले, बाचाबाची झाली आणि कोएमझिसने चाकू काढला, साध्या वेशातले तीन पोलीस मेले. त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली होती, ती पुढे कमी झाली आणि 1996 ला तो सुटला. याच्यावर 1980 मध्ये सिनेमाही आला. मी घाबरवत नाहीये, आता पारांगेल्याचा एवढा कडक नियम राहिला नाही, पण एकटा माणूस झेबेकिको नाचत असेल तर फोटोसाठी त्याच्या शेजारी जाऊन उभं राहू नका एवढंच. आणि प्लेटा फोडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सगळे विचारतात म्हणून सांगते, लष्करी राजवटीने 1969 मध्ये त्यावर बंदी घातली, त्यानंतर क्लबमध्ये फुलं उधळायची पद्धत वाढली, तिथे मुली परड्यांतून कार्नेशन विकत फिरतात. काझानीवर प्लेट फोडली तर यजमानीण तुमच्याकडून झाडून घेईल.

केफी मोडते कशी, हेही बघून ठेवा, कारण पाहुण्याच्या हातून होणाऱ्या चुका बहुतेक याच आहेत. 'मी मू खालास तो केफी' म्हणजे माझी केफी बिघडवू नकोस, हे वाक्य तुम्ही ऐकाल. मला आठवतंय एका काझानीला बाहेरचे दोन पाहुणे होते, चांगली माणसं, पण लिरावाल्याने वाजवायला सुरुवात केल्या केल्या दोघांनी मोबाइलचा दिवा लावून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. लिरावाला वाजवत राहिला, पण मांतिनादा थांबल्या. कारण त्या घरच्या लोकांवर रचलेल्या असतात, त्यात कोणाच्या जावयाची टिंगल असते, ते इंटरनेटवर जाऊन कसं चालेल. कोणी काही बोललं नाही, पाहुण्यांना कोण बोलणार. अर्ध्या तासाने यजमानाने स्वतः त्यांना भट्टीजवळ नेलं, धार दाखवली, बोटावर राकी दिली, फोन खिशात गेला, आणि मग हळूहळू गाडी रुळावर आली. दुसरी गोष्ट हिशोबाची. मध्येच 'मी किती देऊ' असं विचारलं की टेबल थंड पडतं. कोणी खाऊ-पिऊ घातलं ते केरास्मा, त्याची परतफेड लगेच करायची नसते. जाताना मिठाईचा डबा घेऊन जा, तेवढं पुरे. भारतातून नेताय तर काजूकतली उत्तम, पण ती जाताना हातात द्या, टेबलावर उघडून वाटत बसू नका.

शोकातल्या माणसाचं पण लक्षात असू दे. गावात घरात कोणी गेलं असेल तर लोक काळे कपडे घालतात, पार्टीला येत नाहीत, आले तरी नाचत नाहीत. म्हाताऱ्या क्रीटी माणसांचे काळे शर्ट नेहमीचेही असतात त्यामुळे ओळखणं अवघड आहे, म्हणून कोणाला 'तुम्ही नाचत का नाही, केफी नाही का' असं विचारूच नका. बायकांबद्दल पण सांगते, जुन्या रीतीत कॉफीखान्यातली, राकीची केफी पुरुषांची मानली जायची आणि बाई फार मोकळी झाली तर लोक बोलायचे. आता तरुण मुली लिरा वाजवतात, मांतिनादा टाकतात, पण छोट्या गावात म्हाताऱ्या बायका बाजूला बसून बघत असतात आणि सगळं लक्षात ठेवतात. तुम्ही पाहुण्या आहात, तुम्हाला सूट आहे, यजमानीण उठवेल तेव्हा उठा.

आता तुमची खरी भीती, हसं होण्याची. दोन वाक्यं आहेत जिथे हमखास होतं. पहिलं, 'तोन कानो केफी'. शिकणाऱ्याला वाटतं कानो म्हणजे करते, केफी म्हणजे मजा, म्हणजे मी त्याच्याबरोबर मजा करते. नाही. त्याचा अर्थ तो मला आवडतो, माझी त्याच्यावर नजर आहे. नवऱ्याच्या सहकाऱ्याबद्दल त्याच्याच घरात हे बोललात तर ती गोष्ट पुढच्या ऑक्टोबरच्या मांतिनादांत येईल याची खात्री बाळगा. वस्तूबद्दल चालतं, ही राकी मला फार भावते, असं. 'कानी तो केफी तू' हे अजून वेगळं, तो मनाला येईल तेच करतो, आपल्याच लहरीवर चालतो, आणि त्यात बहुतेकदा तक्रारच असते. दुसरं फसवं वाक्य, 'सीमेरा एखो मेराकी', आज मला मेराकी आहे. तुम्हाला म्हणायचंय आज मन लावून काम करायचा मूड आहे, पण ऐकणारा गोंधळेल, त्याला वाटेल काहीतरी सल आहे किंवा अर्धं वाक्य राहिलंय, कशाची मेराकी? तिथे साधं 'एखो केफ्या' म्हणा. काम उत्साहाने केलं हे पण केफीनेच सांगतात, 'दुलेवी मे केफी', तो हसतखेळत काम करतो. बारीक निगुतीने केलं हे सांगायचं असेल तर 'मे मेराकी'. शाळेच्या नाटकात मुलं केफीने नाचतात, आणि त्यांचे कपडे कोणाच्या तरी आजीने मेराकीने शिवलेले असतात.

तुमच्यासाठी खरं तर तीनच वाक्यं पाठ करायची गरज आहे. जेवण चाखल्यावर यजमानिणीला 'मे मेराकी', तेवढंच, बोट टेबलावरच्या पदार्थाकडे. मध्यरात्री कोणी विचारलं कसं वाटतंय तर 'इर्था स्तो केफी', पण खरंच आला असाल तरच, नाहीतर 'ओरेआ', छान, म्हणा, तेही चालतं. आणि काझानारिसला, तो धारेजवळ बसलेला असताना, 'मेराक्लिस'. तो मान वर करून 'एह' करेल आणि परत जाळाकडे बघेल. त्याचा अर्थ पोचलं.

रात्री परतीची गाडी कोण चालवणार ते मात्र आधीच ठरवा, डोंगरातले रस्ते वळणावळणाचे असतात आणि राकी घरची असली तरी पोलिसांचं मशीन तेच असतं.